गुहागर की डोंबिवली: आधी मागे राहणाऱ्याचा हिशेब मांडा

मी ५८ वर्षांचा, डोंबिवलीत राहतो. खाजगी कंपनीतून दोन वर्षांनी निवृत्त होईन. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ६० लाख येतील, एफडी १५ लाखांच्या, पीएफची पेन्शन साडेचार हजार. फ्लॅट २००४ मध्ये ९ लाखांना घेतला, आज ७० लाखांना जाईल, कर्ज नाही. गुहागर तालुक्यात वडिलोपार्जित घर आणि हापूसची ४० कलमं आहेत. फ्लॅट विकून घर नीट करावं आणि कायमचं गावी जावं असं मला वाटतं. बायको ५५ ची, घरी शिकवण्या घेऊन महिन्याला दहा हजार मिळवते. ती म्हणते, गणपतीला येईन, शिमग्याला येईन, कायमची येणार नाही. मुलगी पुण्यात. काय करावं?

*

फ्लॅट विकू नका. निदान निवृत्तीनंतरची पहिली तीन वर्षं तरी नाही. गावी जायचं की नाही हा पुढचा प्रश्न आहे आणि त्यात तुमची इच्छा चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण फ्लॅट विकणं ही एकच गोष्ट अशी आहे, की ती केल्यावर परत फिरता येत नाही. बाकी सगळं दुरुस्त करता येतं.

मी चिपळूणला गेली बावीस वर्षं लोकांचे पैशाचे हिशेब बघते. मे महिना संपला की अशी जोडपी येतात, आणि मतभेद बहुतेक वेळा तुमच्यासारखाच असतो, कारण गाव नवऱ्याचं असतं. पुरुषाला निवृत्तीनंतर गावी जाणं म्हणजे आपल्या घरी परतणं वाटतं. बाईसाठी ते पुन्हा सासरी जाणं असतं, तेही ज्या वयात कुणीतरी आपलं करावं अशी अपेक्षा असते त्या वयात. वहिनींचा नकार हा गावावरचा राग आहे असं समजू नका. त्यामागे एक हिशेब असतो, तो बहुतेक वेळा बोलून दाखवलेला नसतो. मी तो कागदावर मांडते.

तुम्ही त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. बायका साधारणपणे पुरुषांहून जास्त जगतात. म्हणजे दोघांपैकी एक जण मागे राहणार आणि ती व्यक्ती वहिनी असण्याचा संभव जास्त, कदाचित पाच-दहा वर्षं. म्हणून मी पहिला तक्ता दोघांचा करत नाही. एकटी व्यक्ती, वय ७५, राहायचं कुठे, पैसे किती, ते घर तिच्या एकटीच्या सहीने विकता येतं का, असा तक्ता करते. तो नीट जुळला की दोघांचा तक्ता आपोआप जुळतो. उलट होत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते, ओळखीच्या खुणा वगळून. ठाण्याचा फ्लॅट विकून त्यांनी गावच्या घरात चौतीस लाख घातले. जुन्या चिऱ्याच्या भिंती ठेवून वर स्लॅब, तीन बेडरूम, मागे विहिरीवर पंप, सगळं देखणं. माझ्याकडे आले तेव्हा काम संपत आलं होतं. मी कागद मागितले तर घरपट्टीची पावती दाखवली. सहाव्या वर्षी नवरा गेला. त्यानंतर बाईंना मुलीजवळ छोटी जागा घ्यायची होती म्हणून घर विकायला काढलं, तेव्हा कळलं की खालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर दीर, दिवंगत जावेची दोन मुलं आणि दोन नणंदा अशी पाच नावं आणखी आहेत. कुणीच वाईट माणसं नव्हती. एक पुतण्या परदेशात, एका नणंदेला माहेरची आठवण म्हणून घर राहायला हवं होतं. सह्या झाल्या नाहीत. आज त्या बाई मुलीच्या हॉलमध्ये झोपतात आणि चौतीस लाखांचं घर पावसात गळतंय.

म्हणून तुमचं पहिलं काम पैशाचं नाही, कागदाचं आहे. घर ज्या जमिनीवर आहे तिचा सातबारा काढा. गावठाणात असेल तर गावठाणाचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. घरपट्टी तुमच्या नावावर आहे याचा अर्थ फक्त कर तुम्ही भरता इतकाच होतो, मालकी त्याने सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं किंवा वडिलांचंच नाव असेल तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद. बहिणी असतील तर त्यांचा हिस्सा तुमच्या इतकाच आहे हे मनाशी पक्कं धरा. मग सगळे हयात आहेत, बोलणं चालू आहे, तोवर नोंदणीकृत वाटणीपत्र करा किंवा ज्यांना खरोखर नको आहे त्यांच्याकडून हक्कसोडपत्र घ्या. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून फेरफार झाला, तुमचं नाव स्वतंत्र आलं, की काम संपलं. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यातल्या हक्कसोडीला मुद्रांक फार लागत नाही. वेळ मात्र लागतो, बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्ष. सगळे गणपतीला एकत्र येतात, तेव्हा विषय काढा. आरतीनंतर लगेच नको, पाचव्या-सहाव्या दिवशी.

घर समुद्राजवळ किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडची रेषा तपासा. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून साधारण दोनशे मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई असते. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण खोल्या वाढवणं हा वेगळा विषय होतो. गवंड्याला विसार देण्याआधी हे बघा.

वाटणी होईपर्यंत माझा नियम साधा आहे: सामाईक जमिनीवरच्या घरात तेवढेच पैसे घाला, जेवढे बुडाले तरी मागे राहणाऱ्याचा महिना अडणार नाही. तुमच्या बाबतीत मी तो आकडा आठ लाख धरते. तो कसा येतो ते सांगते.

तुमच्याकडे फ्लॅट सोडून ७५ लाख असतील. साठी पूर्ण झाल्यावर त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. एका व्यक्तीला तिथे ३० लाखांचीच मर्यादा आहे. आजच्या ८.२ टक्के दराने दर तीन महिन्यांनी ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिना २०,५००. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं तसाच राहतो. वहिनींना संयुक्त खातेदार करा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे १५ लाख ठेवता येतात, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. पेन्शन ४,५००. एकूण ३४,२५०.

उरले ३० लाख. त्यातले सहा लाख बँकेत हाताशी, दवाखान्यासाठी आणि अडीनडीला. आठ लाख घराला. राहिलेले १६ लाख दहा वर्षं हात न लावता हायब्रिड म्युच्युअल फंडात किंवा तुम्हाला झोप लागेल अशा तत्सम ठिकाणी. हे का, तर व्याजाचा आकडा वाढत नाही आणि खर्च वाढतो. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज २८ हजारांत चालणारं घर तुमच्या बहात्तरीला ५६ हजार मागेल. आणि ३४ हजार तेव्हाही ३४ हजारच असतील, व्याजदर उतरले तर त्याहून कमी. हा खड्डा भरायला हे १६ लाख आहेत, आणि ते पुरले नाहीत तर फ्लॅट आहे. म्हणून मी फ्लॅटवर इतकी अडून बसले आहे. तो तुमच्या हिशेबात घर नाही, शेवटची विहीर आहे.

आता दोन्ही इच्छा पैशाने तपासू. दोघंही गावी राहिलात तर महिन्याचा खर्च २८ हजार धरते, त्यात मुंबई-पुण्याच्या फेऱ्या आल्या. फ्लॅट १६ हजारांना भाड्याने गेला, वर्षात एक महिना रिकामा राहिला, सोसायटीचा मेंटेनन्स महिना तीन हजार आणि मालमत्ता कर, किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला १४ हजार गेले, तर हाती १,२६,०००, म्हणजे महिना साडेदहा हजार येतात. उत्पन्न पावणेपंचेचाळीस हजार. शिकवणीचे दहा हजार मात्र गेले.

दुसरी बाजू. वहिनी मुख्यतः डोंबिवलीत, तुम्ही मुख्यतः गावी, येऊन-जाऊन. फ्लॅटचं भाडं नाही, पण शिकवण्या चालू, उत्पन्न सव्वाचव्वेचाळीस हजार. खर्च: डोंबिवलीचा मेंटेनन्ससह २० हजार, गावचा १५, प्रवास तीन. अडतीस हजार.

दोन्ही बसतात. हे बघून बहुतेक नवरे गप्प होतात, कारण त्यांना वाटत असतं की दोन चुली परवडणार नाहीत, म्हणून एकाने दुसऱ्याचं ऐकलंच पाहिजे. तुमच्या आकड्यांत निदान सुरुवातीची वर्षं तरी तशी सक्ती नाही. दोन घरांत महिना सहा हजार उरतात आणि गावी दोघं राहिलात तर सोळा-सतरा हजार, एवढाच फरक. तेव्हा पैशाचं कारण पुढे करून वहिनींना राजी करू नका.

कलमांचं उत्पन्न मी मुद्दाम शून्य धरलंय. हापूस एक वर्ष लागतो, दुसऱ्या वर्षी रुसतो, आणि मोहोरावर तुडतुडा किंवा थ्रिप्स आले की फवारणीचा खर्च आंब्याच्या पैशांना खाऊन टाकतो. चाळीस कलमं तुम्ही स्वतः करणार असाल तर आवड म्हणून करा. नाहीतर बाग कराराने द्या आणि आलेल्या पैशांत शाकारणी आणि साफसफाई भागवा. २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. त्यावर किराणा अवलंबून ठेवायचा नसतो.

फ्लॅट विकलाच असता तर काय झालं असतं तेही बघा. ९ लाखांचे ७० झाले, ६१ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी कर साडेसात लाखांच्या पुढे जातो, वर उपकर. जुन्या पद्धतीने महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी काढला तरी आकडा जवळपास आठ लाखांपर्यंतच येतो. नव्या घरात पैसे गुंतवून हा कर वाचतो हे खरं, पण ती सवलत घर विकत घेण्याला किंवा बांधण्याला आहे. सामाईक नावावरच्या जुन्या घराच्या दुरुस्तीला ती मिळेलच असं धरून व्यवहार करू नका.

आता मागे राहणाऱ्याचा तक्ता. तुम्ही आधी गेलात तर पेन्शन अर्धी होऊन सव्वादोन हजारांवर येईल, व्याज चालू राहील. वहिनी गावी एकट्या असतील तर सोबतीला बाई लागेल, आणि आमच्याकडे पूर्ण वेळ बाई पैसे देऊनही मिळणं कठीण झालंय, कारण तरुण पोरी चिपळूण-रत्नागिरीला कामाला जातात. फ्लॅट हातात असेल तर त्या डोंबिवलीत राहतील, किंवा तो विकून पुण्यात मुलीच्या जवळ जागा घेतील. एकटीच्या सहीने. यासाठी फ्लॅट दोघांच्या नावे आहे का बघा. फक्त तुमच्या नावावर असेल तर पूर्ण फ्लॅट, आणि दोघांच्या नावे असेल तर तुमचा हिस्सा, मृत्युपत्र करून वहिनींना द्या. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं की झालं असं समजू नका, नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालक वारस ठरतात. बायकोच्या नावे बक्षीसपत्रही करता येतं.

आणि वहिनी आधी गेल्या तर? हा तक्ता पुरुष कधीच करत नाहीत. तुम्ही ७६ चे, गावी एकटे, रोजचा स्वयंपाक कोण करणार, मोतीबिंदूनंतर गाडी कोण चालवणार? मी हे विचारते तेव्हा समोरचा माणूस पहिल्यांदा खिडकीबाहेर बघतो. त्याचं उत्तर लिहून ठेवा. ते उत्तर 'शेजारचे बघतील' असं असेल तर त्या शेजाऱ्यांचंही वय लिहा.

पैसे झाले. आता मूळ मतभेद. मी दोघांना वेगवेगळं बसवते, दोन कोरे कागद देते आणि सांगते, आषाढातला एक साधा मंगळवार लिहा. गावच्या घरातला, सकाळी सहा ते रात्री दहा. कोण उठतं, पाणी कोण तापवतं, वीज नाही तर काय, कपडे कुठे वाळतात, दुपारी कोण येतं, संध्याकाळी तुम्ही काय करता. एका गृहस्थांच्या कागदावर होतं: चहा, पडवीत पेपर, बागेत फेरी, जेवण, झोप, देवळात भजन. त्यांच्या पत्नीच्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं की न्हाणीघर मागच्या अंगणात आहे आणि पायरीवर शेवाळ असतं. खाली मे महिन्यात आणि गणपतीत येणाऱ्या माणसांची संख्या: एकोणीस. त्या बाईंचा गावाला विरोध नव्हताच. एकोणीस माणसांच्या स्वयंपाकाला होता, आणि त्या न्हाणीघराला. घरात न्हाणीघर-संडास आणला, मे महिन्यात स्वयंपाकाला गावातली एक बाई ठरवली, आणि पाहुण्यांनी येण्याआधी त्या पत्नीला फोन करायचा, नवऱ्याला नाही, असं दिरांसमोर ठरलं. त्या आज आठ महिने गावी राहतात.

वहिनींचं कारण वेगळं असू शकेल. शिकवणी हे त्यांच्यासाठी फक्त दहा हजार नाहीत. ज्या मुलांना शिकवलं त्यांच्या आया, भिशीचा गट, लायब्ररी, रिक्षाने दहा मिनिटांवर डॉक्टर. कारण हे असेल तर न्हाणीघर बांधून उपयोग नाही. मग मधला विचार करा: गावात नाही, पण गुहागर शहरात किंवा चिपळूणला भाड्याने जागा, आणि तुम्ही आठवड्यातले तीन दिवस बागेत. चिपळूणला बघाल तेव्हा २२ जुलै २०२१ चं पाणी त्या इमारतीत कुठपर्यंत आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवर खूण दाखवतील. माझ्या ऑफिसात ते छताला लागलं होतं, म्हणून सांगते, मूळ कागद तळमजल्यावर ठेवू नका.

दवाखान्याचा विचार दोघांनी मिळून करायचा आहे. गुहागरहून चिपळूण पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय त्याच्याही पुढे. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर तुमच्या दारापासून आयसीयूच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, हे जुलैतल्या एका रात्री स्वतः गाडीने जाऊन मोजा. एकाला मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आधीच असेल तर हा आकडा बाकी सगळ्यापेक्षा मोठा.

आरोग्य विमा मात्र आजच घ्या, निवृत्तीची वाट बघू नका. कंपनीचा विमा निवृत्तीबरोबर जातो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावता येतो. आत्ता घेतली तर त्यातली दोन वर्षं कंपनीच्या छत्राखाली निघून जातील. फॉर्ममध्ये रक्तदाब, साखर, जुनं ऑपरेशन, काही लपवू नका. आणि पत्ता कुठला द्यायचा ते विचारून ठरवा. काही पॉलिसींत लहान गावाच्या पत्त्यावर हप्ता कमी असतो, पण मुंबई-पुण्यात उपचार घेतले की बिलाचा काही हिस्सा आपल्याला भरावा लागतो. तुमचं मोठं ऑपरेशन मुंबई किंवा पुण्यातच होणार हे उघड आहे.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष चाचणीचं धरा आणि ते जूनमध्ये सुरू करा. मे आणि गणपती बघून गाव ठरवू नका, तेव्हा गाव भरलेलं असतं. आठ लाखांतले पहिले तीन-साडेतीन लाख घरातलं न्हाणीघर, कमोड, हाताला धरायला दांडे, शाकारणी, इन्व्हर्टर आणि पडवीच्या पायऱ्यांना कठडा यावर जातील. बाकीचे वाटणीपत्र होईपर्यंत बँकेत. त्या वर्षात वहिनींनी वाटेल तेव्हा डोंबिवलीला जावं, कारण न विचारता. म्हणूनच पहिल्या वर्षी फ्लॅट भाड्याने देऊ नका. वर्षाला सव्वा लाख बुडतील, पण दोन घरांच्या गणितात मी ते धरलेलेच नाहीत. वर्ष संपल्यावर दोघांनी किती रात्री कुठे काढल्या ते कॅलेंडरवर मोजा. वहिनींच्या गावच्या रात्री दीडशेच्या वर गेल्या असतील तर फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर द्यायला हरकत नाही. पन्नासच्या आत असतील तर दोन घरांचं गणित कायमचं धरा, वर मांडलंय तेच.

तुमच्या हातात अजून दोन वर्षं आहेत. येत्या जुलैत दोघांनीही पंधरा दिवस काढा आणि गावी जा, कुणालाही न बोलावता. स्वयंपाक, पाणी आणि कपडे या तीन गोष्टी त्या पंधरा दिवसांत तुम्ही करा. मग मंगळवारचा कागद लिहायला बसा, आणि त्यांचा कागद आधी वाचा.